आजची वक्ररेषा आणि एक्स्पायरीची रेषा

ऑप्शनच्या व्यवहारात बाजार कुठे गेला तर किती नफा होईल आणि किती तोटा, हे दाखवणाऱ्या आलेखाला जोखीम आलेख म्हणतात. बाजारात त्याला ‘पेऑफ ग्राफ’ हे नाव अधिक रुळले आहे. आडव्या अक्षावर निर्देशांकाची किंवा शेअरची संभाव्य पातळी असते आणि उभ्या अक्षावर नफा-तोटा. मधली आडवी रेषा शून्याची. तिच्या वर नफा, खाली तोटा. या आलेखाचा आडवा अक्ष काळ दाखवत नाही, हे आधी पक्के करायला हवे. शेअरच्या भावाचे आलेख पाहायची सवय असलेला वाचक डावीकडून उजवीकडे जाताना दिवस पुढे सरकतात असे गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. इथे डावीकडे बाजार पडलेला असतो, उजवीकडे चढलेला. काळ दाखवायचा तर त्यासाठी वेगळी रेषा काढावी लागते. म्हणूनच बहुतेक जोखीम आलेखांत निदान दोन रेषा दिसतात: एक्स्पायरीच्या दिवसाची कोनदार आणि आजची वळणदार.

उदाहरण म्हणून निफ्टीचा कॉल घेऊ. निफ्टी २५,००० वर आहे, एक्स्पायरीला ३० दिवस आहेत आणि कुणी २५,००० स्ट्राइकचा कॉल ३७२ रुपये प्रीमियम देऊन विकत घेतला. हे आकडे स्पष्टीकरणापुरते आहेत. वार्षिक १३ टक्के चढउतार धरून आणि व्याज बाजूला ठेवून ते काढले आहेत, आणि सगळे एका युनिटचे आहेत. प्रत्यक्ष रक्कम काढायची तर लॉटच्या आकाराने गुणावे.

एक्स्पायरीची रेषा निव्वळ हिशेबातून येते. त्या दिवशी निफ्टी २५,००० किंवा त्याखाली बंद झाला तर कॉलची किंमत शून्य होते आणि भरलेले ३७२ रुपये जातात. मग निफ्टी २४,९०० वर असो की २२,००० वर, तोटा तेवढाच. म्हणून डावीकडे रेषा सपाट आहे. २५,००० च्या पुढे निर्देशांक जितका चढेल तितकी कॉलची किंमत वाढते, म्हणून तिथे रेषा कोन करून वर निघते. २५,३७२ वर ती शून्याची रेषा ओलांडते. हा एक्स्पायरीचा ना-नफा-ना-तोटा बिंदू. २५,५०० वर नफा १२८ रुपये. यात अंदाजाचा भाग कुठेच नाही.

आजची रेषा वेगळा प्रश्न विचारते. निफ्टी आत्ता, याच क्षणी, अमुक पातळीवर गेला आणि हा कॉल विकून टाकला तर हातात काय पडेल? २५,५०० वर त्या कॉलला सुमारे ६७७ रुपये भाव मिळेल. म्हणजे नफा ३०५ रुपये, एक्स्पायरीच्या १२८ च्या दुपटीहून जास्त. निफ्टी २४,५०० वर घसरला तरी कॉल १७१ रुपयांना विकला जाईल. तोटा २०१, पूर्ण ३७२ नव्हे. या कॉलची आजची रेषा सगळीकडे एक्स्पायरीच्या रेषेच्या वर राहते आणि तिला कुठेही कोन नसतो.

दोन रेषांमधली ही फट म्हणजे कॉलमध्ये शिल्लक असलेले कालमूल्य. निफ्टी २४,५०० वर असताना हा कॉल लगेच वापरायचा म्हटला तर त्याची किंमत शून्यच. तरी घेणारा १७१ रुपये देतो, कारण महिन्याभरात निर्देशांक २५,००० च्या पुढे जाण्याची शक्यता त्याला विकत हवी असते. गेला तर फायद्याला मर्यादा नाही, न गेला तर दिलेल्या रकमेपलीकडे काही जात नाही. या एकतर्फी सवलतीची किंमत म्हणजे ती फट.

म्हणूनच फट सर्वात रुंद असते ती स्ट्राइकपाशी. तिथे कॉल कामाला येणार की वाया जाणार याची अनिश्चितता कमाल असते. टोकांकडे ती मिटत जाते. निफ्टी २७,००० वर गेला तर २५,००० चा कॉल वाया जाण्याची धास्ती जवळजवळ संपते आणि दोन रेषांमधले अंतर दहा रुपयांपेक्षाही कमी उरते. उलट टोकाला, खूप खाली, कॉल वर येण्याची आशाच संपते आणि तिथेही रेषा एकमेकींना चिकटतात.

आजच्या रेषेचा चढही वाचण्यासारखा असतो. २५,००० पाशी तो साधारण अर्धा आहे: निफ्टी १०० अंशांनी वाढला तर कॉल सुमारे ५३ रुपयांनी वाढतो. या चढाला डेल्टा म्हणतात. फक्त एक्स्पायरीची रेषा पाहणाऱ्याला वाटते की २५,३७२ पर्यंत नफ्याचे नावच नाही. दोन दिवसांत बाहेर पडणाऱ्यासाठी मात्र तो बिंदू जवळजवळ गैरलागू आहे. त्याची ना-नफा-ना-तोटा पातळी आज २५,००० आहे. ती रोज उजवीकडे सरकते, १५ दिवस उरले असताना सुमारे २५,२०० वर पोचते आणि शेवटी २५,३७२ ला थांबते.

सरकण्याचा वेग मात्र सारखा नसतो. निफ्टी २५,००० वरून हललाच नाही असे धरले, तर ३७२ रुपयांचा कॉल १५ दिवस उरले असताना २६३ चा होतो आणि पाच दिवस उरले असताना १५२ चा. पहिल्या १५ दिवसांत १०९ रुपये गेले, पुढच्या दहा दिवसांत १११ आणि शेवटच्या पाच दिवसांत उरलेले सगळे १५२. स्ट्राइकजवळच्या ऑप्शनचे कालमूल्य उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे घसरण शेवटी तीव्र होते. आलेखावर तारीख पुढे सरकवत गेले की हेच डोळ्यांना दिसते: वळणदार रेषा आधी हळू, मग झपाट्याने खाली येते, स्ट्राइकपाशी तिचे वळण अधिकाधिक टोकदार होते आणि शेवटच्या दिवशी ती कोनात बसते.

यावरून आजची रेषा नेहमी वरच असते असा नियम कुणी काढला तर तो पहिल्याच स्प्रेडमध्ये मोडतो. समजा, २५,००० च्या कॉलबरोबर त्याच एक्स्पायरीचा २५,५०० चा कॉल १७७ रुपयांना विकला. निव्वळ खर्च १९५ रुपये. एक्स्पायरीला कमाल तोटा १९५, आणि २५,५०० च्या वर कमाल नफा ३०५. आता निफ्टी दुसऱ्याच दिवशी २५,५०० वर पोचला तर ३०५ रुपये मिळतील असे वाटते. प्रत्यक्षात मिळतात जेमतेम १०३. कारण विकलेल्या कॉलमध्येही कालमूल्य भरलेले आहे आणि तो परत घ्यायला ३७९ रुपये लागतात. २६,००० वर गेला तरी आजचा नफा १९४ च्या आसपासच. खालच्या बाजूला मात्र २४,५०० वर आजचा तोटा ९१ आहे, पूर्ण १९५ नाही. म्हणजे इथे दोन रेषा एकमेकींना छेदतात, साधारण २५,२५० पाशी. त्या बिंदूच्या वर काळ या व्यवहाराच्या बाजूने धावतो, खाली विरुद्ध. दिशा अचूक ओळखूनही ‘ॲप तीनशे दाखवत होते, मिळाले शंभरच’ अशी तक्रार स्प्रेड करणाऱ्यांकडून ऐकू येते ती यामुळे. तक्रार करणाऱ्याने रेषा बरोबर वाचलेली असते, फक्त दुसऱ्या तारखेची.

आजची रेषा काढायला एखादे मूल्यनिर्धारणाचे सूत्र लागते. त्यातले सर्वात प्रसिद्ध फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात निर्देशांकाची पातळी, स्ट्राइक, उरलेले दिवस आणि व्याजदर या गोष्टी ठाऊक असतात. पुढे किती चढउतार होतील हे मात्र कुणालाच ठाऊक नसते. म्हणून बाजारातल्या प्रीमियमवरून उलटा हिशेब करून तो आकडा काढतात. त्याला ‘इम्प्लाइड व्होलॅटिलिटी’ किंवा नुसते ‘आयव्ही’ म्हणतात. आपल्या उदाहरणातले १३ टक्के म्हणजे हाच आकडा. आलेख साधारणपणे आजची आयव्ही पुढेही तशीच राहील असे धरून काढलेला असतो, आणि त्याचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे.

निफ्टी जागचा न हलता आयव्ही १३ वरून १० टक्क्यांवर आली तर ३७२ चा कॉल त्याच दिवशी २८६ चा होतो. निफ्टी १५० अंशांनी चढला आणि त्याच वेळी आयव्ही १० झाली, तर कॉल ३६८ च्या आसपास राहतो: बाजार वर, कॉल घेणारा किंचित तोट्यात. एक्स्पायरीची रेषा या सगळ्यात जराही हलत नाही, कारण शेवटच्या क्षणी पुढच्या चढउतारांना काही किंमत उरत नाही.

असे प्रसंग अर्थसंकल्प, निवडणुकीचे निकाल यांच्या आसपास येतात. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला आणि निफ्टीच्या ऑप्शनवरून अपेक्षित चढउतार मोजणारा इंडिया व्हिक्स २६ च्या वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक सावरला आणि व्हिक्स १९ च्या आसपास उतरला. ४ तारखेच्या बंद भावांवर काढलेली ‘आजची रेषा’ ५ तारखेला कॉल घेणाऱ्याला प्रत्यक्षाहून बराच जास्त नफा दाखवत असणार. म्हणून जाणकार अशा घटनेआधी आलेखातली आयव्ही काही टक्क्यांनी वर-खाली करून रेषा पुन्हा पाहतात; बहुतेक ऑप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेबरोबर तीही बदलण्याची सोय असते.

दुसरी अडचण अशी की बाजार पडतो तेव्हा आयव्ही बहुधा वाढते आणि सावकाश चढतो तेव्हा उतरते. एकच आयव्ही धरून काढलेली रेषा त्यामुळे दोन्ही टोकांना थोडी चुकते. घसरणीच्या बाजूला विकलेल्या पुटचा आजचा तोटा ती कमी दाखवते. नुसते पुट विकणाऱ्याला हे फार महाग पडते, कारण एक्स्पायरीची रेषा सुरक्षित वाटत असताना मधल्या एखाद्या दिवशी आजचा तोटा इतका वाढतो की मार्जिन भरता न आल्याने व्यवहार आधीच बंद करावा लागतो. मग एक्स्पायरीची रेषा बरोबर ठरूनही हाती काही येत नाही.

कॅलेंडर स्प्रेडमध्ये, म्हणजे जवळच्या एक्स्पायरीचा कॉल विकून त्याच स्ट्राइकचा लांबच्या एक्स्पायरीचा कॉल घेतला असता, कोनदार रेषाही निव्वळ हिशेबाची राहत नाही. जवळचा कॉल संपतो त्या दिवशी लांबच्या कॉलचे आयुष्य बाकी असते. त्याचा भाव सूत्राने आणि गृहीत धरलेल्या आयव्हीनेच काढावा लागतो. म्हणून अशा व्यवहाराची ‘एक्स्पायरीची’ रेषा तंबूसारखी गोलसर दिसते आणि तिचा कळस किती उंच असेल, तसेच दोन्ही बाजूंचे ना-नफा-ना-तोटा बिंदू नेमके कुठे पडतील, हे त्या दिवशीच्या आयव्हीवर ठरते.