बॅकरॅमधल्या जोड-पैजा इतक्या महाग का पडतात?

मकाऊच्या कॅसिनोंमध्ये सर्वाधिक उलाढाल बॅकरॅच्या टेबलांवर होते. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवरही हा खेळ आहे. टेबलावर ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ असे दोन हात वाटले जातात. ही फक्त नावे आहेत, आपण कोणत्याही हातावर पैसे लावू शकतो. याशिवाय ‘टाय’, म्हणजे बरोबरी, आणि ‘पेअर’, म्हणजे जोडी, असे चौकोन आखलेले असतात. त्यांवर आठपट, अकरापट असे आकडे छापलेले असतात आणि नवख्या माणसाची नजर तिकडेच जाते.

आधी डाव कसा चालतो ते पाहू. पत्त्यांचे आठ कॅट एकत्र पिसतात, म्हणजे 416 पाने. एक्क्याचा 1, दश्शी, गुलाम, राणी आणि राजाचे शून्य, बाकी पानांचे छापील गुण. बेरीज दोन आकडी झाली तर एककाचा अंक धरायचा. 7 आणि 8 मिळून 5. ज्याचे गुण 9 च्या जवळ, तो हात जिंकतो.

दोन-दोन पाने वाटल्यावर कोणाचे 8 किंवा 9 झाले, तर डाव तिथेच संपतो. नाहीतर प्लेअर 5 किंवा त्याहून कमी गुणांवर तिसरे पान घेतो. बँकरची पाळी त्याच्यानंतर येते आणि त्याचा नियम प्लेअरचे तिसरे पान पाहून ठरतो. उदाहरणार्थ, प्लेअरने तिसरे पान घेतले असेल, तर बँकर 6 गुणांवर तेव्हाच पान घेतो, जेव्हा ते पान छक्की किंवा सत्ती असते. समोरचे पान दिसल्यावर निर्णय होत असल्याने बँकर थोडा जास्त वेळा जिंकतो.

किती जास्त? सरासरी 10,000 डावांत बँकर 4,586 वेळा, प्लेअर 4,462 वेळा, आणि बरोबरी 952 वेळा. आपण प्रत्येक डावाला बँकरवर 100 रुपये लावले असे धरू. बँकरच्या जिंकीतून कॅसिनो 5 टक्के कमिशन कापतो, म्हणून जिंकल्यावर 95 रुपये मिळतात. एकूण मिळकत 4,35,670 रुपये आणि तोटा 4,46,200. बरोबरीला पैसे परत मिळतात. म्हणजे 10 लाख रुपये फिरवून सुमारे 10,500 रुपये गेले, साधारण 1 टक्का. कॅसिनोच्या या कायमच्या वाट्याला हाऊस एज म्हणतात.

आता तेच 100 रुपये टायवर लावू. 952 वेळा 800 रुपये, म्हणजे 7,61,600. उरलेल्या 9,048 वेळा 100 रुपये गेले, म्हणजे 9,04,800. तोटा 1,43,200. वाटा 14 टक्क्यांच्या वर गेला. बरोबरी साधारण साडेदहा डावांत एकदा होते, म्हणजे न्याय्य मोबदला साडेनऊपट हवा, मिळतो आठपट. कॅसिनोची कमाई या फरकात आहे.

पेअरचे गणित आपण स्वतः करू शकतो. एखाद्या हाताच्या पहिल्या दोन पानांची जोडी जमली की ही पैज जिंकते. पहिले पान राणी आले असे धरा. उरलेल्या 415 पानांत राण्या 31. म्हणजे सव्वातेरा-साडेतेरा डावांत एकदा जोडी. न्याय्य मोबदला बारापटीच्या वर, मिळतो अकरापट, आणि कॅसिनोचा वाटा 10.36 टक्के. इथे एक गल्लत नेहमी होते: राजा आणि राणी दोघांचे गुण शून्य असले तरी ती जोडी नव्हे. पान तेच लागते.

पण सर्वांत मोठी चूक मला वेगळीच वाटते. पुष्कळ जण बँकरवर 500 रुपये लावतात आणि ‘सुरक्षेसाठी’ टायवर 50 ठेवतात. बरोबरी झाली तर बँकरचे 500 तसेही परत मिळणार असतात, मग संरक्षण कशाचे? हिशेब पाहा: बँकरच्या 500 रुपयांवर सरासरी तोटा डावाला सव्वापाच रुपये, टायच्या 50 रुपयांवर सात रुपयांच्या वर. दहापट लहान पैज मोठीपेक्षा महाग पडते. पेअरवर 50 ठेवले, तरी जवळजवळ 500 च्या पैजेइतकाच तोटा आणखी होतो.

टेबलाशेजारच्या फलकावर मागचे निकाल लागलेले असतात. वीस डावांत बरोबरी झाली नाही, आता होणारच, असे त्यावरून काढणे चूक आहे. पुढच्या डावाची शक्यता जवळजवळ तीच राहते.

शेवटी, मोबदल्याचा आकडा नीट वाचा. ‘एकास आठ’ म्हणजे आठ रुपये नफा आणि आपला रुपया वेगळा परत. काही ठिकाणी ‘एकाचे नऊ’ असे लिहितात. त्यात आपला रुपयाही धरलेला असतो, म्हणून दोन्ही एकच. खरोखर नऊपट नफा देणारी टेबले काही ठिकाणी असतात. तिथे टायवरचा वाटा 4.84 टक्क्यांवर येतो, तरीही तो बँकरच्या चौपटीहून जास्तच असतो.