आकडा ओळखा, पण कॉलवर

व्हिडिओ कॉलवर आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. त्यामुळे एकत्र गाणे किंवा ‘आधी कोण बोलले’ यावरचे खेळ फसतात आणि उगाच भांडणे होतात. आळीपाळीचे खेळ मात्र उत्तम चालतात. पुण्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे आठ, हिवाळ्यात सात. अशा वेळी चार अंकी आकडा ओळखण्याचा खेळ सोयीचा. प्रत्येकाने वेगवेगळ्या अंकांचा आकडा कागदावर लिहून लपवायचा. समजा, तो ४२७१ आहे आणि मैत्रिणीने १२३४ विचारले. उत्तर येईल : एक अंक जागेवर, दोन जागा चुकून. म्हणजे २ जागेवर. १ आणि ४ भलतीकडे. मात्र कोणता अंक जागेवर, हे सांगायचे नाही. कॉल तुटला तरी कागदावरून डाव पुढे चालू ठेवता येतो.