ट्रक कोणाचा, घसारा कोणाला?

मणिपालच्या आयसीडीएस लिमिटेड या वित्त कंपनीचा नव्वदच्या दशकातला धंदा साधा होता. गिऱ्हाइकाला वाहन हवे असले की कंपनी थेट उत्पादकाला पैसे मोजून ते विकत घेई आणि गिऱ्हाइकाला लीजवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर देई. आरटीओतली नोंदणी मात्र गिऱ्हाइकाच्या नावावर होई. वर्षाअखेरीला कंपनीने या वाहनांवर घसारा मागितला, तेव्हा आयकर अधिकाऱ्याने दोन हरकती घेतल्या. एक, आरसी बुकावर नाव दुसऱ्याचे आहे, तेव्हा मालक तुम्ही नाही. दुसरी, ट्रक तुम्ही चालवतही नाही. तुम्ही फक्त पैसे पुरवले. अपिलीय न्यायाधिकरणात कंपनी जिंकली, कर्नाटक उच्च न्यायालयात हरली, आणि १४ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. भारतात लीजवरच्या मालमत्तेचा घसारा कोणाला मिळतो, या प्रश्नाचे उत्तर आजही याच निकालात शोधावे लागते.

आधी दोन प्रकारच्या लीज समजून घेऊ. ऑफिसात झेरॉक्स मशीन दोन वर्षांसाठी भाड्याने आले, बिघडले तर देणाऱ्याने दुरुस्त करायचे, मुदत संपली की त्याने ते उचलून दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचे, ही ऑपरेटिंग लीज. मशीन जुने होण्याचा, बाजारात त्याची किंमत पडण्याचा धोका देणाऱ्याचा असतो. फायनान्स लीजमध्ये मशीन तुम्ही निवडता, देखभाल आणि विमा तुम्ही बघता, ते बंद पडले तरी हप्ता चुकत नाही, आणि मुदतभरात दिलेल्या भाड्यातून देणाऱ्याची जवळजवळ सगळी रक्कम व्याजासकट वसूल होते. कागदावर ते भाडे असते. पैशाच्या व्यवहाराकडे पाहिले तर ते कर्जच असते.

हिशेबाचे नियम पैशाच्या व्यवहाराकडे पाहतात. २००१ पासून लागू झालेले लेखामानक १९ सांगते की फायनान्स लीजवर घेतलेली मालमत्ता घेणाऱ्याने आपल्याच ताळेबंदात दाखवावी, समोर तेवढे देणे दाखवावे, आणि दरवर्षी घसारा व व्याज खर्ची टाकावे. मोठ्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ आले. त्याने घेणाऱ्याच्या बाजूचा हा भेदच बहुतांशी पुसला. अल्प मुदतीच्या आणि किरकोळ किमतीच्या लीज सोडल्या तर सगळ्याच आता ताळेबंदात येतात.

आयकर कायद्याची दृष्टी वेगळी आहे, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. १९६१ च्या कायद्याच्या कलम ३२ ने घसाऱ्यासाठी दोन अटी घातल्या: मालमत्ता पूर्ण किंवा अंशतः तुमच्या मालकीची हवी, आणि ती तुमच्या धंद्यासाठी वापरलेली हवी. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही मालकी आणि धंद्यातला वापर हाच पाया आहे. जोखीम कोणाची, फायदा कोणाचा, हे शब्द तिथे नाहीत. लेखामानक १९ येताच प्रश्न उभा राहिला, की हिशेबाच्या वहीत मालमत्ता घेणाऱ्याची झाली तर घसाराही त्याचाच का? ९ फेब्रुवारी २००१ च्या परिपत्रक क्रमांक २ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने सांगितले की या मानकाचा कायद्यातल्या घसाऱ्यावर काहीही परिणाम होणार नाही.

तरीही वाद थांबला नाही. २०१२ मध्ये इंडसइंड बँकेच्या प्रकरणात आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या विशेष पीठाने उलट भूमिका घेतली. फायनान्स लीजमध्ये खरा मालक घेणाराच असतो, म्हणून घसारा त्याला, असे पीठाने ठरवले. आर्थिक वास्तव पाहिले तर हा विचार चुकीचा म्हणता येत नाही, आणि मला तो आजही प्रामाणिक वाटतो. पण पुढच्याच वर्षी आयसीडीएसचा निकाल आला आणि पारडे फिरले.

सर्वोच्च न्यायालयाने करारातली कलमे एकेक करून तपासली. वाहन कायम कंपनीच्या मालकीचे राहील, हप्ते थकले तर कंपनी ते ताब्यात घेऊ शकेल, मुदत संपल्यावर ते परत करायचे. एवढे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला मालक का म्हणू नये? आरटीओच्या नोंदणीचा मुद्दाही टिकला नाही. मोटार वाहन कायद्यात भाडेपट्ट्याने वाहन ताब्यात असलेल्याला 'मालक' धरले जाते, पण ती व्याख्या त्या कायद्यापुरतीच आहे. वापराच्या हरकतीवर न्यायालय म्हणाले की लीजवर देणे हाच कंपनीचा धंदा, त्यामुळे वाहन लीजवर दिले की ते धंद्यासाठी वापरले गेले. चाक स्वतः फिरवायला नको. शिवाय कंपनीला मिळालेल्या भाड्यावर पूर्ण कर लागला होता आणि गिऱ्हाइकांना त्याच भाड्याची पूर्ण वजावट मिळाली होती. एका हाताने भाडे हे भाडेच मानायचे आणि दुसऱ्या हाताने देणाऱ्याची मालकी नाकारायची, हे जमत नाही. मला या निकालातला हाच मुद्दा सर्वांत भक्कम वाटतो.

आता आकड्यांत पाहू. समजा, नाशिकजवळच्या सातपूरचा एक कारखानदार २० लाखांचे मशीन पाच वर्षांच्या फायनान्स लीजवर घेतो. लीजमध्ये दडलेला व्याजदर १० टक्के आणि भाडे वर्षाअखेरीस द्यायचे. असा हप्ता बसतो ५,२७,५९५ रुपये. पाच वर्षांत एकूण २६,३७,९७५ रुपये जातील. म्हणजे २० लाख मशीनची किंमत आणि ६,३७,९७५ रुपये व्याज. मुदतीनंतर नाममात्र भाड्यावर वापर चालू ठेवता येतो, पण मालकी लीज कंपनीचीच राहते.

करासाठी कारखानदाराची वजावट सरळ आहे. दरवर्षी ५,२७,५९५ रुपये, म्हणजे पूर्ण भाडे. त्यातला मुद्दल आणि व्याज हा भेद आयकरात करायचा नाही. वहीत मात्र चित्र निराळे असते. मशीनचा पाच वर्षांत समान घसारा धरला तर पहिल्या वर्षी ४ लाख घसारा आणि २ लाख व्याज, असा ६ लाखांचा खर्च दिसतो. पाचव्या वर्षी व्याज उतरून ४७,९६३ रुपयांवर येते आणि खर्च ४,४७,९६३ रुपये होतो. म्हणून आयकराचा हिशेब करताना सीए वहीतला घसारा आणि व्याज दोन्ही उत्पन्नात परत मिळवतो आणि त्यांच्या जागी प्रत्यक्ष भाडे वजा करतो. ही पायरी विसरली की घसाराही घेतला आणि भाडेही घेतले, अशी दुहेरी वजावट होते आणि पुढे नोटीस येते. चूक पकडायचा एक सोपा उपाय आहे. पाच वर्षांच्या वहीतल्या खर्चाची बेरीज करा, पाच वर्षांच्या करातल्या वजावटीची बेरीज करा. दोन्ही २६,३७,९७५ यायला हव्यात. फरक फक्त कोणत्या वर्षी किती, एवढाच.

हेच मशीन बँकेच्या कर्जावर घेतले असते तर? तेव्हा मालक कारखानदार, हायपोथिकेशन बँकेकडे. त्याला १५ टक्क्यांनी घसारा मिळेल आणि व्याजाचीही वजावट मिळेल. मशीन वर्षभर वापरले आणि परतफेड अशाच हप्त्यांत असली, तर पहिल्या वर्षी ३ लाख आणि २ लाख मिळून ५ लाख, दुसऱ्या वर्षी सुमारे ४ लाख २२ हजार, पाचव्या वर्षी सुमारे २ लाख ५ हजार. पाच वर्षांची बेरीज साधारण साडेसतरा लाख भरते. उरलेले ८ लाख ८७ हजार बुडत नाहीत. ते मशीनच्या शिल्लक किमतीत राहतात आणि पुढच्या वर्षांत हळूहळू वजा होतात. लीजमध्ये वजावट लवकर मिळते, कर्जात ती लांबते पण मशीन आपले राहते.

लीज कंपनीच्या बाजूला पूर्ण ५,२७,५९५ रुपये उत्पन्न. त्यातून ३ लाखांचा घसारा जातो. मशीन घेण्यासाठी कंपनीने १६ लाख ९ टक्क्यांनी उसने घेतले असतील तर त्याचे १,४४,००० रुपये व्याजही जाते. करपात्र उरतात ८३,५९५ रुपये. 'व्याजाची वजावट कोणाला' याचे उत्तर यात आहे. ज्याने कर्ज काढले, त्याला. कारखानदाराने लीज कंपनीकडून कर्ज काढलेले नाही; त्याच्या भाड्यात व्याज मिसळलेले असले तरी करासाठी ते भाडेच.

यात १५ टक्क्यांच्या मशीनवर लीज कंपनीला घसाऱ्याची मोठी मजा नाही. भाड्याने धावणाऱ्या ट्रक-बसवर ३० टक्के आणि संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, तिथे सुरुवातीच्या वर्षांत करपात्र उत्पन्न बरेच खाली येते. आयसीडीएसच्या खटल्यात वाहनांच्या जास्तीच्या दरासाठीही भांडण होते, ते याचसाठी, आणि न्यायालयाने तो दरही दिला.

नव्वदच्या दशकात या गणिताचा गैरवापर झाला. काही मालमत्तांवर, उदाहरणार्थ गॅस सिलिंडरवर, शंभर टक्के घसारा मिळत असे. मग कंपनीने आपलीच जुनी मालमत्ता फुगवलेल्या किमतीला वित्त कंपनीला विकायची आणि त्याच दिवशी लीजवर परत घ्यायची, अशी टूम निघाली. काही व्यवहारांत मालमत्ता कागदावरच होती. म्हणून १ ऑक्टोबर १९९६ पासून कायद्यात स्पष्टीकरण घातले गेले: विकून परत लीजवर घेतलेल्या मालमत्तेची किंमत नव्या मालकासाठी विकणाऱ्याच्या आयकराच्या हिशेबातल्या घसारा वजा जाता शिल्लक किमतीएवढीच धरायची. किंमत फुगवून काही मिळेनासे झाले.

निकालाला एक मर्यादा आहे आणि ती करार लिहिताना लक्षात ठेवावी लागते. करारातच शेवटचा हप्ता भरताच मशीन घेणाऱ्याचे होईल, किंवा नाममात्र रकमेला विकत घेण्याचा त्याला हक्क राहील असे लिहिले असेल, तर अधिकारी त्याला भाडेखरेदी म्हणू शकतो, मग शीर्षकात 'लीज' छापलेले असले तरी. भाडेखरेदीसाठी १९४३ चे परिपत्रक क्रमांक ९ आहे. त्यानुसार घसारा हप्ते भरणाऱ्याला मिळतो, तोही मशीनच्या रोख किमतीवर. आणि हप्त्यांची बेरीज रोख किमतीपेक्षा जेवढी जास्त, तेवढा भाग मुदतीत विभागून खर्च म्हणून मिळतो. पूर्ण हप्ता मात्र वजा होत नाही. आपल्या सातपूरच्या कारखानदाराने पाच वर्षे पूर्ण भाडे वजा केले आणि नंतर करारातले एक वाक्य त्याला भाडेखरेदीत घेऊन गेले, तर पहिल्या वर्षाची ५,२७,५९५ रुपयांची वजावट जाऊन तिथे ३ लाखांचा घसारा आणि ६,३७,९७५ चा पाचवा भाग, म्हणजे १,२७,५९५ रुपये, एवढेच उरेल. त्या एका वर्षी १ लाख रुपयांचे उत्पन्न वाढेल आणि त्यावर कर व व्याज लागेल. म्हणून सही करण्याआधी मुदत संपल्यावर मशीनचे काय होणार, हे सांगणारे कलम स्वतः वाचावे आणि सीएलाही दाखवावे.