मसाल्याच्या हिशेबातले गैरसमज : मिश्रणातला फरक आणि उताऱ्यातला फरक

ज्या कारखान्यात अनेक कच्चे माल ठरलेल्या प्रमाणात एकत्र करून एकच पक्का माल निघतो, तिथे महिनाअखेरीच्या कॉस्ट रिपोर्टात दोन ओळी हमखास असतात. एक मिक्स व्हेरियन्सची, म्हणजे मिश्रणाचे प्रमाण बदलल्यामुळे खर्चात पडलेल्या फरकाची. दुसरी यील्ड व्हेरियन्सची, म्हणजे घातलेल्या मालातून अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त उतारा मिळाल्यामुळे पडलेल्या फरकाची. या दोन ओळी जितक्या वेळा वाचल्या जातात, जवळपास तितक्याच वेळा चुकीच्या वाचल्या जातात. त्यातले पाच गैरसमज एका मसाल्याच्या युनिटचे उदाहरण घेऊन पाहू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. ते आजचे बाजारभाव नाहीत.

या युनिटचे प्रमाण असे आहे : १०० किलोच्या बॅचमध्ये धने ५० किलो, मिरची ३० किलो आणि जिरे २० किलो. प्रमाणित दर धन्याला १२० रुपये, मिरचीला २०० आणि जिऱ्याला २५० रुपये किलो. म्हणजे एका बॅचच्या मालाची किंमत १७,००० रुपये, सरासरी १७० रुपये किलो. निवडणे, देठ काढणे, भाजणे, दळणे, चाळणे यांत १५ किलो जातात असे धरले आहे. हाती ८५ किलो मसाला येतो, तो किलोला २०० रुपयांना पडतो.

एका महिन्यात २,१०० किलो माल वापरला गेला आणि १,७०० किलो मसाला निघाला. वापर असा होता :

| माल | प्रमाणानुसार (किलो) | प्रत्यक्ष (किलो) |
|---|---|---|
| धने | १,०५० | १,२०० |
| मिरची | ६३० | ५४० |
| जिरे | ४२० | ३६० |

गैरसमज १ : भाव बदलले की मिश्रणातला फरक पडतो.

वस्तुस्थिती : मिश्रणातला फरक काढताना तिन्ही माल प्रमाणित दरानेच मोजले जातात. प्रत्यक्ष खरेदी कितीला झाली, हे त्यात कुठेही येत नाही. समजा धने १२० ऐवजी ११० रुपयांनी मिळाले. मग १,२०० किलोंवर १२,००० रुपये वाचले, पण ती बचत दरातल्या फरकाच्या ओळीत जाते आणि तिचे श्रेय खरेदी विभागाचे. मिश्रणाचा हिशेब फक्त एवढेच विचारतो : तेवढ्याच २,१०० किलोंमध्ये स्वस्त माल किती आणि महाग माल किती गेला?

याची दुसरी बाजूही आहे. जिऱ्याचा भाव कायमचा ३०० रुपयांवर गेला आणि प्रमाणित दर मात्र २५० च राहिला, तर जिरे कमी केल्याचा फायदा कागदावर खऱ्यापेक्षा कमी दिसेल. दर जुने झाले असतील तर त्यांच्यावर काढलेला निष्कर्षही जुनाच असतो. म्हणून आधी प्रमाणित दर तपासावेत, मग फरकाची चर्चा करावी.

गैरसमज २ : रिपोर्टात धन्यासमोर १८,००० रुपये प्रतिकूल दिसतात, म्हणजे धन्यात तेवढा तोटा झाला.

वस्तुस्थिती : एकेका मालासमोरचा आकडा सुटा वाचता येत नाही. नेहमीच्या पद्धतीने हिशेब असा होतो : धने १५० किलो जास्त गेले, १२० रुपयांनी १८,००० प्रतिकूल. मिरची ९० किलो कमी गेली, २०० रुपयांनी १८,००० अनुकूल. जिरे ६० किलो कमी गेले, २५० रुपयांनी १५,००० अनुकूल. एकूण मिश्रणातला फरक १५,००० रुपये अनुकूल.

याच मालाचा हिशेब दुसऱ्या, सरासरी दराच्या पद्धतीने करून पाहा. तिथे प्रत्येक मालाचा दर १७० रुपयांच्या सरासरीशी ताडतात. धने सरासरीपेक्षा ५० रुपयांनी स्वस्त आहेत आणि ते १५० किलो जास्त वापरले, म्हणून ७,५०० रुपये अनुकूल. मिरची ३० रुपयांनी महाग आणि ९० किलो कमी गेली, २,७०० अनुकूल. जिरे ८० रुपयांनी महाग आणि ६० किलो कमी गेले, ४,८०० अनुकूल. एकूण पुन्हा १५,००० च.

एका पद्धतीत धने १८,००० रुपयांनी वाईट दिसतात, दुसरीत ७,५०० रुपयांनी चांगले. दोन्ही बरोबर आहेत, कारण एकूण किलो तेच ठेवले तर एक माल वाढल्याशिवाय दुसरा कमी होऊच शकत नाही. मिश्रण हा एकच निर्णय आहे, त्याचा निकालही एकच, आणि तो तळाच्या बेरजेत असतो. रिपोर्ट कोणत्या पद्धतीने केला आहे हे मात्र वर लिहिलेले असावे. नाहीतर धन्याच्या ओळीवरून स्टोअरकीपरला जाब विचारला जातो आणि तो उगाचच.

गैरसमज ३ : २,१०० किलोंचे १,७०० झाले, म्हणजे ४०० किलोंचे नुकसान.

वस्तुस्थिती : ४०० पैकी ३१५ किलोंची घट प्रमाणातच धरलेली आहे. देठ, कचरा आणि भाजताना उडणारे पाणी जाणारच, आणि त्याची किंमत २०० रुपयांच्या प्रमाणित खर्चात आधीच मोजली आहे. २,१०० किलोंतून १,७८५ किलो यायला हवे होते, १,७०० आले. उताऱ्यातला फरक फक्त ८५ किलोंचा आहे.

या ८५ किलोंची किंमत लावतानाही चूक होते. काही जण ८५ ला १७० ने गुणतात. पण १७० हा कच्च्या मालाचा दर आहे आणि ८५ किलो हा पक्का मसाला. पक्क्या मालाला पक्क्याचा दर लावायचा : ८५ गुणिले २००, म्हणजे १७,००० रुपये प्रतिकूल. पडताळा सोपा आहे. १,७०० किलो मसाल्याला २,००० किलो माल पुरला असता, १०० किलो जादा लागला. १०० गुणिले १७० म्हणजे तेच १७,००० रुपये. ही दोन उत्तरे जुळली नाहीत, तर कुठेतरी दर आणि वजन यांची जोडी चुकली आहे.

आता ८५ किलो गेले कुठे? सगळ्यांना पहिली शंका चोरीची येते, पण उत्तर वजनकाट्यावर मिळते. त्यासाठी प्रत्येक टप्प्यानंतर वजन लिहावे लागते : देठ आणि कचरा किती निघाला, भाजल्यावर किती उरले, दळून चाळल्यावर चाळणीवर किती कोंडा राहिला, डस्ट कलेक्टरमध्ये किती पूड साठली. समजा आपल्या युनिटच्या नोंदींत असे दिसले : भाजताना नेहमीपेक्षा २५ किलो जास्त घट, पुन्हा दळूनही चाळणीखाली न उतरलेला कोंडा ५० किलो जास्त, आणि १० किलोंचा हिशेब लागत नाही. पहिल्या २५ किलोंचे कारण मालातली ओल असू शकते. पावसाळ्यात मिरची ओल धरते. विकत घेताना आपण त्या पाण्याचेही पैसे देतो आणि भट्टीवर ते उडून जाते. गोदामात माल येतानाच मॉइश्चर मीटर लावला असेल, तर हे अंदाजाने नव्हे, आकड्याने सांगता येते. शोध घ्यायचा तो उरलेल्या १० किलोंचा. सगळ्या ४०० किलोंचा नव्हे.

गैरसमज ४ : मिश्रणातला फरक अनुकूल आला, म्हणजे काम चांगले झाले.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. मिश्रणात १५,००० वाचले, उताऱ्यात १७,००० गेले, निव्वळ २,००० रुपये प्रतिकूल. हाच वापरातला एकूण फरक. पण हे दोन आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. चाळणीवर राहिलेला ५० किलो कोंडा बहुतेक धन्याच्या सालाचा आहे. धन्याचे साल तंतुमय असते आणि बारीक जाळीतून सहज उतरत नाही. धने वाढवले की कोंडाही वाढतो. म्हणजे स्वस्त मालाने दिलेली बचत त्याच मालाने चाळणीवर परत घेतली.

किती परत घेतली, तेही मांडता येते. ५० किलो मसाल्याचे २०० रुपयांनी १०,००० रुपये झाले. १५,००० मधून ते वजा केले, तर मिश्रण बदलल्याची खरी बचत ५,००० रुपये उरते. उरलेल्या ७,००० च्या तोट्यात ५,००० ओलीचे, म्हणजे खरेदी आणि साठवणीचे, आणि २,००० बेहिशेबी घटीचे. रिपोर्टातल्या दोन ओळी अशा कारणांनी उलगडल्याशिवाय जबाबदारी कुणाची हे ठरत नाही.

आणि त्या ५,००० च्या बचतीलाही एक किंमत आहे, जी या हिशेबात कुठेच उमटत नाही. जिऱ्याचे प्रमाण २० टक्क्यांवरून सुमारे १७ वर आणि मिरचीचे ३० वरून सुमारे २६ वर आले. मसाला कमी तिखट झाला, वासाला हलका झाला. गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात पाकीट बदलेल तेव्हा ती घट विक्रीत दिसेल, तोवर मिश्रणाची ओळ अनुकूलच राहील. म्हणून अनुकूल आकड्याशेजारी त्या बॅचच्या रंगाची, तिखटपणाची आणि वासाची तपासणी जोडलेली हवी.

गैरसमज ५ : दोनपेक्षा जास्त कच्चे माल असले की हा हिशेब करावाच.

वस्तुस्थिती : हा हिशेब तिथेच अर्थपूर्ण असतो, जिथे एका मालाची जागा दुसरा माल काही मर्यादेपर्यंत घेऊ शकतो आणि ते प्रमाण ठरवणे कुणाच्या तरी हातात असते. मसाला, पशुखाद्य, खत, रंग यांत तो बसतो. औषधाच्या गोळीत घटकाचे प्रमाण ठरलेले असते. तिथे बदल झाला तर तो फरक नव्हे, सदोष बॅच असते. सायकलच्या कारखान्यात चाक कमी लावून हँडल जास्त लावता येत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक मालाच्या वापरातला फरक वेगवेगळा पाहणेच योग्य.

मसाल्यातही मोकळीक अमर्याद नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. आपल्या उदाहरणात धने, मिरची, जिरे हा क्रम टिकला. पण मिरची जिऱ्यापेक्षा कमी झाली असती, तर छापलेले लेबलच चुकीचे ठरले असते.

तेव्हा पुढचा रिपोर्ट समोर आला की तीन गोष्टी करा : मिश्रण आणि उतारा या ओळी नेहमी एकत्र वाचा, एकेका मालासमोरच्या आकड्यावरून कुणाला दोषी धरू नका, आणि चाळणीवरच्या कोंड्याचे वजन रोज लिहायला लावा. ते वजन नसेल, तर उताऱ्याची ओळ घट किती झाली ते सांगेल. का झाली ते सांगणार नाही.