पाच मिनिटांची पाळी

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. तिथून एका मामाने आपल्या सात वर्षांच्या भाच्यासाठी, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणारा खेळण्यातला पोपट मोठ्या हौसेने आणला, आणि तो पोपट दुसऱ्याच दिवशी पलंगाखाली जाऊन पडला, ही हकीकत कानी आल्यामुळे मी त्या घरी गेलो. मुलगा बोलताना अडखळतो. 'म-म-माझं नाव' एवढे तो पोपटापुढे बोलला, पोपटानेही 'म-म-माझं नाव' असेच म्हटले आणि घरातील सर्व जण हसले. हसण्यात दुष्टावा कोणाच्याही मनात नव्हता, परंतु आपली अडखळण आपल्यालाच ऐकवणारी वस्तू त्या मुलाने पुन्हा हातात धरली नाही.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी घरच्यांना जी तजवीज सांगितली आहे ती फार साधी आहे: रोज पाच मिनिटे, मुलाने निवडलेला खेळ आणि मोठ्या माणसांनी त्याच्या मागे जाणे. आजींनी चादरीच्या कारखान्यातील उरलेल्या काठांची एक पिशवी शिवली होती. मुलाने सर्वांच्या नकळत तीत एक वस्तू ठेवायची, इतरांनी बाहेरून चाचपून ती ओळखायची, आणि खरे-खोटे त्याने ठरवायचे, असा तो खेळ. एरवी या मुलाला दिवसभर सवालांची उत्तरे द्यावी लागतात. इथे मात्र सवाल करण्याचा अधिकार दुसऱ्यांना, उत्तर ठाऊक असण्याचा मान त्याला, आणि 'हो', 'नाही' किंवा नुसती मान हलवणे एवढ्यावरही खेळ पुढे सरकतो. बोलले तर उत्तम, न बोलले तरी डाव मोडत नाही. भेट किंवा खेळ निवडताना बाई हीच कसोटी लावतात, आणि पोपट नेमका या कसोटीला उतरत नव्हता.

ज्या गोष्टीने मला पुन्हा पुन्हा त्या घराच्या ओसरीकडे ओढून नेले, ती बाईंची उत्तर देण्याची रीत होय. मुलाचे वाक्य संपले, की त्या मनात एक अंक मोजण्याइतके थांबतात आणि मगच बोलतात. आजींनी ती सवय उचलली आणि वडिलांनाही पिशवी ज्याच्या मांडीवर असेल त्याचीच पाळी हा नियम पाळणे भाग पडले, तेव्हा घरातील एकमेकांचे शब्द तोडण्याची घाई निदान त्या पाच मिनिटांपुरती ओसरली. घाई नसली, की वाक्य मध्येच हिसकावून घेतले जाईल ही धास्ती उरत नाही.

पिशवीच्याच कापडातून आजींनी एक हातात घालायची म्हैस केली. जाड, घोगऱ्या आवाजात म्हशीची भूमिका करताना मुलगा सलग बोलतो. दुसऱ्याचा आवाज काढताना किंवा सर्वांबरोबर पाढे म्हणताना अडखळण कमी होणे हा अशा मुलांच्या बाबतीत नेहमीचा अनुभव आहे. पण एकदा वडील आनंदाने म्हणाले, "बघ, म्हशीच्या आवाजात कसा छान बोलतोस!" आणि त्याने म्हैस तत्काळ खाली ठेवली. स्तुती झाली तरी लक्ष बोलण्यावरच खिळले होते. "हळू बोल", "श्वास घे" हे शब्दही त्याच जातीचे. बोलण्यावर असे बोट ठेवल्याने काय होते याचे टोकाचे उदाहरणही आहे: 1939 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात अनाथालयातील मुलांना 'तुम्ही अडखळता' असे सांगून जो प्रयोग झाला, त्यातील काही मुले बोलणेच टाळू लागली; त्याबद्दल तेथील विद्यापीठाने 2001 साली क्षमा मागितली. आज तोतरेपणाची मुळे आनुवंशिकतेत आणि मेंदूच्या कार्यात शोधली जातात. घरच्यांनी तो निर्माण केला असे नव्हे, किंवा सोलापुरात पुष्कळांना वाटते तसे घरी तेलुगू आणि शाळेत मराठी यामुळेही तो जडत नाही.

तथापि खेळाने अडखळण जाईल असे बाई सांगत नाहीत. ओठ दाबून धरणे, डोळे घट्ट मिटणे, अवघड शब्द टाळण्यासाठी "मला माहीत नाही" म्हणणे ही लक्षणे वाढली, तर पाच मिनिटे पुरेशी नाहीत. मग थेट उपचारच हवेत. लक्ष वेधायचे नाही याचा अर्थ विषय दडपायचा असाही नाही. त्या मुलाने एके दिवशी स्वतःच विचारले, "म-माझा शब्द का अडकतो?" आजींनी बाईंच्या सांगण्याप्रमाणे सरळ उत्तर दिले, "काही मुलांचे शब्द अडकतात, बाळा. त्यात तुझी चूक नाही. तू सांग, आम्ही ऐकतो." मग लगेच पिशवी त्याच्या हाती दिली.

खेळ किती वेळा बिनअडखळता पार पडला, याची नोंद बाई ठेवायला सांगत नाहीत. मुलगा आपण होऊन किती वेळा बोलू लागला, एवढेच त्या दर भेटीत विचारतात. आणि मामाने पुढच्या वेळी भिंग आणले तेव्हा मुंगीचे पाय मोजून दाखवताना मुलाने अडखळत अडखळत, पण शेवटपर्यंत सारे सांगितले, हे त्यांनी यश म्हणून लिहून घेतले.