कोड लिहिण्याआधीची कार्डं

ग्रंथालयातली पुस्तकांची देवघेव सांभाळणारा प्रोग्रॅम लिहा, ही असाइनमेंट संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीची असते. अनेक जण ती हाती येताच संगणक उघडतात, ‘ग्रंथालय’ नावाचा एक क्लास लिहायला घेतात आणि सुचेल ते त्यात घालत जातात. सभासदांची यादी, पुस्तकांचा शोध, दंडाचा हिशेब असं सगळं त्या एकाच क्लासच्या गळ्यात पडतं. पुढे दंडाचा नियम बदलला, तर कुठे हात घालायचा हेच कळेनासं होतं.

हे टाळण्याचा एक साधा उपाय वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक या दोन अमेरिकन प्रोग्रॅमरनी १९८९ साली एका शोधनिबंधातून मांडला. नवख्यांना ऑब्जेक्टच्या भाषेत विचार करायला शिकवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यासाठी त्यांनी कागदी इंडेक्स कार्डं वापरली. प्रत्येक क्लासला एक कार्ड. वर क्लासचं नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या आणि उजवीकडे त्या पार पाडण्यासाठी ज्यांची मदत लागते ते सहकारी क्लास. क्लास, रिस्पॉन्सिबिलिटी आणि कोलॅबोरेटर या तीन शब्दांवरून ही ‘सीआरसी कार्डं’ झाली.

ग्रंथालयाचंच उदाहरण घेऊ. समजा नियम असे आहेत: एका सभासदाला एका वेळी ३ पुस्तकं, मुदत ७ दिवसांची आणि उशीर झाला तर दिवसाला १ रुपया दंड. तीन-चार विद्यार्थी टेबलाभोवती बसतात आणि पहिल्या अंदाजाने तीन कार्डं करतात: ग्रंथालय, सभासद, पुस्तक. मग एक प्रसंग ठरवून तो पायरीपायरीने चालवून पाहतात. ज्याचं काम आलं त्याचं कार्ड कुणीतरी हातात घ्यायचं आणि त्या क्लासच्या वतीने बोलायचं.

पहिला प्रसंग: दोन पुस्तकं घरी असलेला सभासद तिसरं मागतो. ग्रंथालय सभासदाला विचारतं, “तुला आणखी एक घेता येईल का?” सभासदाच्या कार्डावर जबाबदारी लिहिली जाते: मर्यादा तपासणे. आता पुस्तकाला प्रश्न, “तू शिल्लक आहेस का?” इथे गाडी अडते. एकाच पुस्तकाच्या चार प्रती आहेत, त्यातल्या तीन बाहेर गेल्या आहेत. नाव आणि लेखक चारही प्रतींचे तेच, पण ‘बाहेर गेली’ ही गोष्ट प्रत्येक प्रतीची वेगळी. म्हणून ‘प्रत’ हे चौथं कार्ड जन्माला येतं. पुस्तकाच्या कार्डावर ‘शिल्लक प्रत शोधून देणे’ ही जबाबदारी आणि तिच्यासमोर ‘प्रत’ हा सहकारी लिहिला जातो.

दुसरा प्रसंग: पुस्तक ३ दिवस उशिरा परत आलं. ३ रुपये दंड कुणी काढायचा? सभासदाकडे एकापेक्षा जास्त पुस्तकं असतात आणि प्रत्येकाची तारीख निराळी. प्रतीचं म्हणाल तर ती आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. कुणी, कोणती प्रत, कधीपर्यंत नेली, हे तिन्ही एकत्र ठेवणारं कुणीच नाही. तेव्हा ‘देवघेव’ हे पाचवं कार्ड होतं. परतीची तारीख त्याच्याजवळ, म्हणून दंडाचा हिशेबही त्याच्याकडेच. उद्या दंड २ रुपये झाला, तर बदल या एकाच ठिकाणी होईल.

कनिंगहॅम आणि बेक यांची कार्डं ४ बाय ६ इंचांची होती आणि हा लहान आकार फार उपयोगी पडतो. एखाद्या कार्डावर जागा पुरेनाशी झाली, की त्या क्लासवर जास्त भार पडतो आहे हे दिसतं. त्यातलं काही काम दुसऱ्याकडे द्यायचं किंवा नवं कार्ड करायचं. उलट, कुठल्याच प्रसंगात ज्याला हात लागला नाही ते कार्ड बहुधा अनावश्यक असतं. डाव्या रकान्यात ‘नाव, पत्ता, फोन’ अशी नुसती माहितीच साठली असेल, तर तो क्लास नेमकं करतो काय, हे अजून ठरायचं आहे. कार्ड फाडून नवं लिहायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे चुकीचा अंदाज सोडून देणं जड जात नाही. शंभर ओळींचा कोड लिहून झाल्यावर तेच अवघड होतं.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे कार्डावर दिसत नाही, म्हणून चालवलेले प्रसंग वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे लागतात. शोध वेगाने कसा घ्यायचा किंवा माहिती डिस्कवर कशी साठवायची, याचं उत्तरही कार्डं देत नाहीत. शिवाय क्लास पन्नासच्या घरात गेले की टेबलावर सगळा पसारा होतो. अशा वेळी एका वेळी एकच भाग घ्यावा. असाइनमेंटचे पाच-दहा क्लास मात्र टेबलावर सहज मावतात. नेहमीचे तीन-चार प्रसंग आणि एखादा अडचणीचा, उदाहरणार्थ सगळ्या प्रती बाहेर असल्याचा, अडखळल्याशिवाय पार पडला की कोड सुरू करायला हरकत नाही. डाव्या रकान्यातल्या जबाबदाऱ्यांवरून मेथड ठरतात, उजव्या रकान्यावरून कोणत्या क्लासला कोणाची ओळख लागेल ते कळतं आणि लिहून ठेवलेले प्रसंग प्रोग्रॅम तपासायला कामी येतात.