पापड पांढरा, फोटो पिवळा

सध्या उन्हाळी कामांची गडबड चालू आहे. दिवसभर लाटण-वाळवण करायचं आणि रात्री बल्बखाली फोटो काढून ऑर्डरसाठी ग्रुपवर टाकायचा. आमच्या गटातल्या एका ताईंनी असाच तांदळाच्या पापडांचा फोटो टाकला, तर लगेच विचारणा आली, "मागच्या वर्षीचे आहेत का हो?" पापड त्याच दिवशी वाळलेले होते. पिवळा होता तो बल्बचा उजेड.

पिवळ्या बल्बच्या उजेडात तांबडा-पिवळा भाग भरपूर आणि निळा फार कमी असतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण डोळे आणि मेंदू त्या उजेडाला सरावतात आणि पांढरं पांढरंच दिसतं. मोबाईलही अंदाज बांधतो, पण उजेड पिवळा की पापडच पिवळा, हे त्याला नेमकं कळत नाही. म्हणून पिवळेपणा उरतो.

पहिलं काम म्हणजे उजेड एकाच प्रकारचा ठेवायचा. दिवसा खिडकीजवळ फोटो काढत असाल तर बल्ब बंद करा. दोन्ही उजेड एकत्र आले की ताटाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते. पिवळी बाजू सुधारावी तर निळी आणखी निळी होते. असा फोटो सरळ पुन्हा काढावा, हे माझं मत.

रात्रीच काढायचा असेल तर कॅमेऱ्यात Pro आहे का बघा. त्यात WB असतं. पिवळ्या बल्बसाठी तिथला आकडा 2800 च्या आसपास ठेवा. उजेड पिवळा आहे हे मोबाईलला सांगितलं, की तो तेवढा निळा रंग वाढवतो. उलट 5500 ठेवलंत तर तो दिवसाचा उजेड समजेल आणि पापड हळदीचे दिसतील!

Pro नसेल तर ताटाच्या कडेला कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. त्यावरही तोच उजेड पडला पाहिजे. मग Snapseed मध्ये White Balance उघडून, रंग टिपायच्या खुणेने त्या कागदावर बोट ठेवायचं. कागद पांढरा होतो आणि त्याबरोबर पापडही मूळ रंगावर येतात. नंतर कागदाचा भाग कापून टाका. फक्त कागद उजेडाने अगदी भगभगीत आलेला नको. तिथे रंगाची माहितीच उरत नाही, त्यामुळे दुरुस्ती चुकते.

बोट कागदावरच ठेवायचं, पापडावर नाही. उडदाचा पापड मुळातच थोडा पिवळसर असतो. त्याला पांढरा धरलंत तर सगळा फोटो निळा पडेल, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडणारा पापड फोटोपेक्षा वेगळा निघेल. पाठवण्याआधी खरा पापड दिवसाच्या उजेडात फोटोशेजारी धरून बघा.